उचलून घेतल्यावर जास्त रडतो, कारण तो बहुधा जागा नसतोच

प्रश्न: माझा मुलगा २२ महिन्यांचा आहे. रात्री झोपेतच काहीतरी बोलतो, कधी खुदकन हसतो, कधी एकदम मोठ्याने रडायला लागतो. उचलून घेतलं तर जास्तच रडतो. तो खरंच जागा झालेला असतो की झोपेत असतो, कसं ओळखायचं?

उत्तर:

मी डॉक्टर नाही, पण माझ्या मुलीच्या वेळी यातून गेले आहे आणि तेव्हा तिच्या डॉक्टरांकडून बरंच समजून घेतलं होतं. जागं झालेलं मूल कुशीत घेतलं की दोन-चार मिनिटांत सैल पडायला लागतं, मान खांद्यावर टाकतं. झोपेत रडणारं मूल कुशीत घेतल्यावर अंग ताठ करतं, पाठ मागे टाकतं, हाताने ढकलतं. तुम्ही जे लिहिलंय ते दुसऱ्या प्रकारचं वाटतं.

माझी मुलगी दोन वर्षांची होती. नऊला झोपायची आणि सव्वादहाच्या सुमारास किंकाळी. आम्ही धावत जायचो तर ही गादीवर बसलेली, डोळे सताड उघडे, केस घामाने ओले, आणि "नको, नको, आई, आई" असं ओरडणं चालू. मी समोरच बसलेली, तिचे हात धरलेले, तरी तिची नजर माझ्या आरपार. ते फार जिव्हारी लागायचं. मग मी दिवा लावायची, पाणी पाजायला बघायची, उचलून खोलीत फेऱ्या मारायची, नाव घेऊन हलवायची. हा प्रकार चाळीस चाळीस मिनिटं चालायचा आणि शेवटी ती खरोखरच जागी होऊन दमून रडायची.

एका रात्री माझं अंग दुखत होतं म्हणून नवरा गेला. त्याने दिवा लावला नाही, तिला उचललं नाही, नुसता शेजारी बसून राहिला. साधारण सहा मिनिटांनी ती आपली आपण आडवी झाली, कूस बदलली आणि झोपली. सकाळी तिला काहीही आठवत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की चाळीसपैकी तीसेक मिनिटं माझ्यामुळे होत होती.

यामागचं कारण कळलं की भीती बरीच कमी होते. झोप रात्रभर सारखी नसते. गाढ झोप, हलकी झोप, स्वप्नांची झोप अशी आवर्तनं होतात. लहान मुलांमध्ये एक आवर्तन साधारण तासाभराचं असतं, वय वाढतं तसं ते दीड तासाकडे जातं. सर्वांत गाढ झोप रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात असते. त्या गाढ झोपेतून वर येताना कधी कधी गाडी मध्येच अडकते. हालचाल, आवाज, रडणं, डोळे उघडणं हे सगळं सुरू होतं, पण समोर कोण आहे हे ओळखणारा आणि लक्षात ठेवणारा भाग अजून झोपलेलाच असतो. म्हणून मूल आईच्या समोर बसून आईला हाका मारतं. आपल्याला बघवत नाही, पण त्याच्या लक्षात त्यातलं काही राहत नाही.

हसणं आणि बडबडणं हे त्याहून सौम्य. बोलणं झोपेच्या कुठल्याही टप्प्यात येऊ शकतं. गाढ झोपेतलं बहुधा पुटपुटणं असतं, स्वप्नाच्या झोपेतलं जास्त स्पष्ट. आमच्याकडे पहाटे पाचला "माझंय ते! दे!" असं खणखणीत ऐकू यायचं आणि पुढच्या क्षणाला संथ श्वास. हसणंही बहुतेक स्वप्नाच्या झोपेतलंच. तिथे काहीच करायचं नसतं. उत्तर देऊ नका, कौतुकाने गालाला हात लावू नका, नाहीतर पहाटे पाचला खरंच जागं झालेलं मूल मिळेल.

वाईट स्वप्न मात्र वेगळं, आणि इथे बरेच जण गल्लत करतात. ते बहुतेक उत्तररात्री पडतं. त्यानंतर मूल पूर्ण जागं होतं, तुम्हाला ओळखतं, घट्ट बिलगतं, बोलता येत असेल तर "भूभू आला" असं काहीतरी सांगतं आणि पुन्हा झोपायला घाबरतं. त्याला जवळ घ्यायचंच. दुखणंखुपणंही तसंच: कान दुखणारं मूल जागं असतं, तुमच्याकडे बघून रडतं, आडवं केलं की जास्त रडतं.

म्हणून आवाज आला की आधी दाराशी थांबून बघा. घड्याळ लावून दोन-तीन मिनिटं. (पहिल्या रात्री ती दोन मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात.) एकदाच हळू आवाजात हाक मारा. तुमच्याकडे बघून हात पुढे केले तर जागा आहे, घ्या. नजरेला नजर दिली नाही किंवा हाक मारल्यावर चिडला तर झोपेत आहे. शेजारी बसा, पडणार नाही, डोकं आपटणार नाही एवढं बघा, दिवा बंदच ठेवा. हलवून जागं करू नका.

डॉक्टरांनी आम्हाला दोन आठवडे वहीत टिपायला सांगितलं: दुपारी किती झोपली, रात्री कधी झोपली, किती वाजता रडली. आठव्या-नवव्या दिवशीच दिसलं की दुपारची झोप बुडाली की त्या रात्री किंकाळी हमखास. आम्हाला वाटायचं, दमली तर गाढ झोपेल. ती गाढच झोपायची, आणि अडचण तिथेच होती; झोपेचा तुटवडा असला की गाढ झोप जास्त खोल होते आणि तिच्यातून वर येणं जास्त अडखळतं. ज्या दिवशी दुपारी झोपली नाही त्या दिवशी आम्ही तिला नऊऐवजी सव्वाआठला झोपवायला लागलो. दहाएक दिवसांत रोजचा प्रकार आठवड्यातून एकावर आला. ताप आला की मात्र पुन्हा व्हायचा.

रोज ठरलेल्याच वेळी होत असेल तर त्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी मुलाला किंचित चाळवायचं, कूस बदलण्यापुरतं, आणि हे दोन-तीन आठवडे करायचं असाही उपाय असतो. आमच्यावर ती वेळ आली नाही.

डॉक्टरांना दाखवायचंच अशा गोष्टी थोड्या आहेत. रोज घोरणं, श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटणं. रात्रीत अनेकदा, थोडाच वेळ, दर वेळी हुबेहूब तशीच हालचाल, झटके किंवा एकाच बाजूचं अंग ताठणं. आणि हसण्यात आनंद दिसत नसेल, तेच तसंच हसू दिवसा जागेपणीही अचानक येत असेल तर तेही. तेव्हा फोनवर व्हिडिओ काढा, पांघरूण बाजूला करून, हातपाय आणि चेहरा दोन्ही दिसतील असा, आणि प्रकार संपून मूल शांत होईपर्यंत चालू ठेवा. आमच्या पहिल्या व्हिडिओत फक्त काळोख आणि माझाच "काय झालं गं, काय झालं" असा आवाज होता. डॉक्टरांना त्यातून काही कळलं नाही.