तो आज जिवंत ‘असतो’ की ‘असता’?

प्रश्न: ‘बाबांनी तेव्हा बाणेरला जागा घेतली असती तर आज मी तिथे राहिलो असतो’ असं मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. एका काकांनी ‘राहत असतो’ हवं म्हणून टोकलं. पण ‘राहत असतो’ म्हणजे मी तिथे राहतोच असं वाटतं ना? बरोबर काय?

काकांचं बरोबर आहे. तुमची शंकाही खरी आहे आणि तीच जास्त मजेची आहे.

जागा घ्यायची वेळ कधीच गेली, राहणं मात्र आत्ताचं. ‘राहिलो’ म्हटलं की राहणं होऊन गेलं, जसं गणपतीला आलो असतो तर चार दिवस राहिलो असतो. तुमच्या वाक्यातलं ‘आज’ झाका आणि पुन्हा वाचा. तुम्ही आता तिथले रहिवासी असता की मागे कधीतरी राहून गेला असता, हे काही कळत नाही. म्हणून पहिल्या भागात ‘घेतली असती’ आणि दुसऱ्यात ‘राहत असतो’. ‘मी आज डॉक्टर झालो असतो’ आणि ‘मी आज डॉक्टर असतो’ ही दोन्ही वाक्यं चालतात, पण पहिल्यात पदवी मिळण्याची घटना आहे, दुसऱ्यात आजची अवस्था.

आता शंका. ‘मी रोज सात वाजता स्टँडवर असतो’ आणि ‘तेव्हा निघालो असतो तर आता स्टँडवर असतो’ यांतला ‘असतो’ दिसायला एकच. पण ‘मी’च्या जागी ‘तो’ घाला, लगेच फूट पडते. तो रोज स्टँडवर असतो; तो आता स्टँडवर असता. ‘ती’ घातलीत तर असते आणि असती, ‘ते लोक’ घातलेत तर असतात आणि असते. शंका आली की ‘तो’ घालून बघायचं, बाकी नियम पाठ करायची गरज नाही.

ही दोन रूपं एकाच आईची लेकरं आहेत. संस्कृतात ‘झालं असतं, पण झालं नाही’ एवढ्यासाठी क्रियापदाच्या रूपांचा एक अख्खा गट, म्हणजे लकार, होता: लृङ्. अभविष्यत् वगैरे. प्राकृतात तो बुडाला आणि त्याच्या जागी चक्क ‘करत असलेला’ अशा अर्थाचं वर्तमानकालवाचक धातुसाधित येऊन बसलं! बाराव्या शतकातल्या हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात हे नोंदवून ठेवलंय: ‘होन्तो’ म्हणजे अभविष्यत्. हाच ‘-न्त’ आपल्या ‘करता, येता, असता’मध्ये आहे. हिंदीतही तोच प्रकार. ‘वह आता है’ खरं, आणि ‘है’ काढून ‘वह आता तो’ म्हटलं की खोटं. मराठीत ‘करतो’ला पुरुषाचे प्रत्यय चिकटले आणि तो रोजच्या कामाला लागला; ‘करता’ मात्र तिसऱ्या पुरुषात लिंगवचनाप्रमाणे बदलणारं जुनं विशेषणच राहिलं. ‘मी’बरोबर त्याचंही असतो, असते होतं आणि ‘तू’बरोबर ‘स’ लागतो: असतास.

मो. के. दामल्यांनी १९११ च्या मराठी व्याकरणात ‘करतो’ला प्रथम ताख्यात, म्हणजे ‘त’ लागून होणारं पहिलं क्रियारूप, म्हटलं आणि ‘करता’ला द्वितीय. मोठा माणूस, पण हा क्रम मला कधीच पटला नाही. थोरल्याला दुसरा नंबर? रूपाच्या वयानं बघायचं तर ‘करता’ पहिला हवा. आणि असत्याचा अर्थ त्याला का चिकटला, याचं माझं उत्तर असं: ‘तू असता मला कसली भीती’ या वाक्यात ‘असता’ परिस्थिती मांडून ठेवतं, ती आहे की नाही हे स्वतः सांगत नाही. तशी नुसती मांडलेली परिस्थिती ‘तर’च्या शेजारी आली की कल्पनेतली होते. यावर ‘शेवटी अनुस्वार असलेलं ते असतां वेगळं, अव्यय आहे’ असं ऐकवणारे भेटतात. अव्यय आहेच, पण ते कशापासून झालं? त्याच धातुसाधितापासून. अनुस्वारावर अडून बसणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

एकट्यानं उभा राहणारा ‘येता तर, करता तर’ आता बोलण्यातून जवळपास गेलाय. ‘आला असता, केलं असतं’ म्हणावं लागतं. सगळा भार एकट्या ‘असणे’वर आलाय, आणि तेही लोक नीट लिहीत नाहीत. ‘अँब्युलन्स वेळेवर आली असती तर तो आज जिवंत असतो’! अहो, असता! जिवंत असतो म्हणजे अधूनमधून जिवंत असतो काय? ही ‘मी’च्या रूपाची लागण आहे. उलट बाजूनं ‘बाबांनी जागा घेतली असते’ लिहितात, तिथे ‘जागा’ स्त्रीलिंगी म्हणून ‘असती’च हवं. आणि ‘मी आली असती’ लिहिणाऱ्या मुलींनो, ‘ती’ आली असती, ‘मी’ आले असते.

तेव्हा काकांना अंगठा दाखवा, वर केलेला.