पेन्टेकॉस्टच्या उपदेशात अहिराणी वाचायची असेल तर

भाऊ, नवापूरकडच्या मंडळीत तुझा पहिलाच पेन्टेकॉस्ट, म्हणून एकच सांगतो. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय घेशील तेव्हा पार्थी, मेदी, एलामी ही यादी समजावण्यात वेळ घालवू नको. नजर अकराव्या वचनावर ठेव: ऐकणाऱ्यांना देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत कळली. बोलणारे सगळे गालीलकर, पण गालीलची बोली कुणावर लादली गेली नाही.

मग तेच वचन मावची, अहिराणी, गुजराती आणि मराठीत वाचून घे. आधी एकेकाने वाचावं, शेवटी एकदाच सगळ्यांनी मिळून. सुरुवातीलाच एकत्र वाचलं तर नुसता गलका होतो, आपली भाषा कुणालाच सापडत नाही.

भाषांतर स्वतः करू नको. मी केलं होतं, पुस्तकी झालं. मागच्या बाकावरच्या आजीला विचारलं, "हे घरी कसं म्हणशाल?" ती म्हणाली, "देवनी कितला मोठा कामं कयात!" तेच कागदावर देवनागरीत उतरवलं आणि तिलाच वाचायला दिलं.

ती वाचू लागली तशी पोरं हसली. अहिराणी म्हणजे विनोदाची बोली, हे डोक्यात बसलेलं. (आपल्याच घरची भाषा, तरी!) तेव्हा रागावलो, ते चुकलं. तेरावं वचन तिथेच वाचायला हवं होतं: त्या दिवशीही काही जण हसले, 'हे नव्या द्राक्षारसाने झिंगलेत' म्हणाले. पेत्र उठला नि म्हणाला, अजून सकाळचे नऊच वाजलेत.