दैनिक अहवालाची वेळ बदलताना शाखांना काय कळवावं

प्रश्न: "आमच्या सहकारी बँकेत रोजचे अहवाल संध्याकाळी सहापर्यंतच्या व्यवहारांचे निघायचे. येत्या बुधवारपासून ते रात्री बारा ते बारा असे निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला शाखेत येतील. शाखांना सूचनेत काय लिहू?"

नवी वेळ तर तुम्ही लिहालच. फोन येतील ते मंगळवारी संध्याकाळी सहा ते रात्री बारा या सहा तासांवरून. मंगळवारचा जुना अहवाल सहाला थांबतो, बुधवारचा नवा बारापासून सुरू होतो. मधले व्यवहार दोन्हींत नाहीत. पूर्वी काउंटर बंद झाला की विषय संपायचा. आता यूपीआय रात्रभर चालतं, एनईएफटीही डिसेंबर 2019 पासून चोवीस तास आहे.

समजा मंगळवारी सहाला बचत ठेवींची अखेर शिल्लक 4,12,35,000 आहे. त्यानंतर 1,85,000 जमा झाले, 60,000 नावे पडले. बुधवारच्या अहवालात आरंभीची शिल्लक 4,13,60,000 दिसेल. सव्वा लाखाचा फरक पाहून शाखेतला माणूस आधी स्वतःच्या नोंदी उलटसुलट करत बसतो, मग मुख्य कार्यालयाला फोन लावतो. म्हणून त्या सहा तासांचा वेगळा अहवाल एकदाच काढून घ्या आणि सूचनेत स्पष्ट लिहा:

"मंगळवारची अखेर व बुधवारची आरंभीची शिल्लक जुळणार नाही. फरक सोबतच्या पुरवणी अहवालाशी ताडून पाहावा. तो जुळल्यास दुरुस्तीची नोंद करू नये."

शेवटचं वाक्य गाळू नका. फरक 'मिटवण्यासाठी' सस्पेन्स खात्यात नोंद टाकणारा एखादा उत्साही माणूस प्रत्येक बँकेत असतोच, आणि ती नोंद पुढे ऑडिटमध्ये निस्तरावी लागते.

बुधवारी संध्याकाळी अहवाल येणारच नाही, हेही आधीच सांगा. नाहीतर सिस्टीम बंद पडली असं समजून सगळे वाट बघत बसतील. पण रोकड मात्र त्याच संध्याकाळी मोजायची. कॅशियरची शिल्लक आणि सिस्टीममधली रोख शिल्लक तिजोरी बंद होण्याआधी जुळलीच पाहिजे. "अहवाल सकाळी येतो, मग मेळ सकाळी घालू" अशी सवय आठवडाभरात लागते. चेक परताव्याची यादीसुद्धा या बदलातून वगळा, कारण तिच्यावर त्याच दिवशी निर्णय घ्यावा लागतो.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी शाखा बंद, व्यवहार मात्र चालू. हे व्यवहार तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच तारखेला दिसतात की पुढच्या कामाच्या दिवशी, ते आयटी विभागाला विचारूनच लिहा. त्याच तारखेला दिसत असतील, तर अशा सोमवारी सकाळी शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन अहवाल एकदम समोर येतील. शाखाधिकाऱ्यांनी ते तारखेच्या क्रमाने तपासून सह्या कराव्यात.

सूचना सोमवारीच पाठवा, आणि बुधवार-गुरुवारच्या शंकांसाठी एकाच माणसाचं नाव आणि फोन नंबर त्यात द्या.