बरोबर धरायचं ते पाण्याचं वजन

प्रश्न: हिटॉर्फ पद्धतीने सिल्व्हर नायट्रेटचा ट्रान्सपोर्ट नंबर काढतोय, इलेक्ट्रोड चांदीचे. अ‍ॅनोडकडे चांदी वाढलेली दिसते, मग सिल्व्हर आयन तिथून निघून गेले असं कसं म्हणायचं? आणि ०.४६८ ऐवजी ०.४७७ का येतं?

उत्तर: ०.४७७ वाचलं आणि राहवेना. याच फरकावरून एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला माझा सरांशी कडाक्याचा वाद झाला होता. मी द्रावणाच्या वजनातून मीठ वजा करून पाणी काढलं होतं. त्यावर त्यांनी लाल पेनने लिहिलं, "अनावश्यक." मीठ इतकं थोडं की फरक पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. पडतो, आणि तो तुमच्या आकड्यात दिसतोय.

समजा मूळ द्रावणात दर किलो पाण्यामागे ०.१ मोल मीठ आहे. कूलोमीटरवर ०.२१५७ ग्रॅम चांदी बसली, म्हणजे २ मिलिमोल प्रभार गेला. अ‍ॅनोडचा कप्पा पूर्ण रिकामा करून तोलला तर ५१.०३ ग्रॅम भरला. थायोसायनेटने टायट्रेशन केल्यावर त्यात ६.०६४ मिलिमोल चांदी निघाली. एवढ्या सिल्व्हर नायट्रेटचं वजन १.०३ ग्रॅम, म्हणून पाणी ५० ग्रॅम. तेवढ्या पाण्यात सुरुवातीला ५ मिलिमोल होते, वाढ १.०६४. अ‍ॅनोड विरघळून २ मिलिमोल आले, पण वाढले १.०६४च. उरलेले ०.९३६ कॅथोडकडे गेले. भागिले २, ०.४६८.

आता सरांच्या रीतीने, ५१.०३ ग्रॅम मूळ द्रावणाशी तुलना करा. त्यात ५.०१८ मिलिमोल होते, म्हणून वाढ १.०४६ दिसते आणि उत्तर ०.४७७ येतं. नेमका तुमचा आकडा! मोठ्या रकमांमधला छोटा फरक आपण मोजतो, तिथे ०.०१८ला किंमत असते. तुमच्या वहीत कोणी "अनावश्यक" लिहिलं तर हे दोन हिशेब शेजारी मांडून दाखवा.

कप्प्यातून पिपेटने २५ मिली काढून भागवत असाल तर ते आधी बंद करा. कप्प्यात संहती सगळीकडे सारखी नसते, सगळं द्रावण काढून ढवळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. मधल्या कप्प्याचं टायट्रेशनही सोडू नका. तिथली संहती बदललेली निघाली तर द्रावणं मिसळली आहेत, तो प्रयोग टाकून द्या. अ‍ॅनोडचं द्रावण जड होतं म्हणून अ‍ॅनोड खाली हवा. करंटही बेताचा ठेवा, २० मिलिअँपिअरने हा प्रभार पावणेतीन तासांच्या आत जातो. घाईने करंट वाढवला की द्रावण तापून प्रवाह सुरू होतात.

एक सांगायचं राहिलं. पाणी जागचं हलत नाही असं आपण इथे धरलंय. आयन थोडं पाणी सोबत ओढतात, पण विरल द्रावणात ते चालून जातं. तीव्र कॅडमियम आयोडाइडमध्ये मात्र कॅडमियमचा आकडा चक्क ऋण येतो, कारण तिथे कॅडमियम हे आयोडाइड आयनांना चिकटून ऋण आयनाच्या रूपात अ‍ॅनोडकडे जातं. तिथे हिशेब चुकला म्हणून वही फाडू नका.