खलनायकाचा हेतू : भूतकाळ नको, मुदत हवी

प्रश्न : "माझ्या थरारकादंबरीतला खलनायक कागदी वाटतो, असे वाचलेल्या तिघांनीही सांगितले. त्याच्या बालपणीच्या हालअपेष्टांचे एक पूर्ण प्रकरण घातले आहे, तरीही. आणखी काय घालू?"

काही घालू नका, ते प्रकरण आधी काढून बाजूला ठेवा. इतके ठामपणे लिहितो, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे आणि तिच्यापायी माझी जवळजवळ दोन वर्षे गेली. माझ्या नावावर एकच कादंबरी आहे, त्यामुळे हे मत एका सांगलीकराचे समजावे. विकृत मनोवृत्तीच्या, कारणाविना खून करणाऱ्या पात्राला यातले बरेचसे लागू पडणार नाही.

माझ्या कादंबरीतला खलनायक हळदीच्या गोदामाचा मालक होता, गावात 'आण्णा' म्हणून मान असलेला. पहिल्या खर्ड्यात तो एका हमालाचा खून करतो आणि शेवटी भर पावसात आयर्विन पुलावर उभा राहून, लहानपणी एका व्यापाऱ्याने आपल्या वडिलांना चारचौघांत कसे मारले, हे तीन पाने सांगतो. हा खर्डा मी एका प्रकाशन कार्यालयाकडे पाठवला. अकरा महिन्यांनी उत्तर आले : 'खलनायकाला अधिक भूतकाळ द्यावा.' मी आज्ञाधारकपणे चाळीस पाने वाढवली, आजोळ, उपासमार, सावत्र आई, सगळे आले. पुढच्या आठ महिन्यांनी हस्तलिखित परत आले, सोबत 'कथानक रेंगाळते' एवढी एकच ओळ. ज्यांनी पाने वाढवायला सांगितली त्यांनीच ती वाचली होती की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. त्याबद्दल अधिक लिहिले तर माझाच रक्तदाब वाढेल.

डोळे उघडले ते वकिली करणाऱ्या एका मित्रामुळे. त्याने मला १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम ८ दाखवले. आता तेच भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये कलम ६ म्हणून आहे. तिथे हेतू एकटा येत नाही. हेतू, तयारी आणि घटनेच्या आधीचे व नंतरचे वर्तन अशी तिन्ही एकाच कलमात बसवली आहेत. मित्र म्हणाला, "तुझ्या आण्णाला हेतू आहे, पण तयारी कुठे आहे? हमालाला मारायच्या आदल्या महिन्यात तो करत काय होता?" मला उत्तर देता आले नाही. वडिलांचा अपमान पुसून त्या जागी दुसरे कोणतेही दुःख घातले असते, तरी माझ्या कादंबरीतला एकही प्रसंग बदलला नसता. तुमच्या प्रकरणाचीही हीच परीक्षा करून पाहा. हेतू बदलल्यावर किमान निम्मे प्रसंग कोसळले नाहीत, तर तो हेतू कथानकाला वरून चिकटवलेला आहे.

मग मी आण्णाचा भूतकाळ सोडून त्याचे गेल्या चार महिन्यांचे व्यवहार लिहून काढले. जुलै २०१९ मध्ये त्याच्याकडे शेतकऱ्यांची सहाशे पोती हळद ठेवणीला आहे. भाव वाढण्याची सगळे वाट पाहत आहेत. एक व्यापारी कोरड्या, उंचावरच्या गोदामासाठी चांगले भाडे देऊ करतो. आण्णा कोणाला न सांगता दोनशे चाळीस पोती नदीकडच्या खालच्या शेडमध्ये हलवतो, फक्त महिन्याभरासाठी. ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर येतो आणि ती पोती कुजून जातात. माल वरच्या गोदामात असता तर भिजला नसता, आणि विम्यातही शेडचा उल्लेख नाही. आण्णाची सगळी अब्रू 'आण्णांकडे ठेवलेला माल बुडत नाही' या एका वाक्यावर उभी आहे. त्याला कोणाचा सूड घ्यायचा नाही. थोड्या भाड्याच्या मोहाने घेतलेला एक निर्णय लपवायचा आहे आणि दिवाळीला शेतकरी माल मागायला येण्याआधी दोनशे चाळीस पोती पुन्हा उभी करायची आहेत.

इथे मुदत आली आणि कथानक आपोआप चालू लागले. नवी हळद विकत घ्यायला पैसे हवेत, म्हणून तो नसलेल्या मालाच्या पावत्या बँकेत तारण ठेवतो. तारण दिले की साठ्याची तपासणी येणार, म्हणून तो पोत्यांची थप्पी आतून पोकळ रचतो. तपासणीला आलेला माणूस पोत्यात लोखंडी नळी खुपसून नमुना काढतो, पण बाहेरच्या रांगेतूनच. आण्णाला हे माहीत आहे. शेवटचा धोका मात्र त्याच्या ध्यानात उशिरा येतो. हमाली पोत्यामागे मिळते, त्यामुळे एका म्हाताऱ्या हमालाच्या वहीत जुलैच्या एका तारखेसमोर 'खाली शेड – २४०' एवढी नोंद आहे. सगळ्या गावात ती एकच ओळ आण्णाला खोटे पाडू शकते.

आता आण्णा काय करतो, हे नीट पाहा, कारण 'माणूसपण' मला इथे सापडले. तो लगेच सुरा उचलत नाही. आधी हमालाला न मागता उचल देतो, नंतर त्याच्या मुलाला पुण्यात नोकरी लावून देतो. दोन्ही कृत्ये गावाला आणि वाचकालाही चांगुलपणाची वाटतात, आणि आण्णाला स्वतःलाही ती तशीच वाटतात. एका संध्याकाळी हमाल टोपीत गुंडाळलेले पैसे घेऊन येतो, उचल मोजून परत करतो आणि म्हणतो, "आण्णा, ह्ये आमच्या वहीत बसंना." त्या क्षणी आण्णाला कळते की हा माणूस विकत मिळणार नाही. मी ते पान लिहिले तेव्हा खून अजून तीन प्रकरणे दूर होता, पण तो होणार हे मला कळून चुकले होते, आणि कोणाच्याही बालपणाची गरज उरली नव्हती.

तुमच्या कादंबरीत खुनी शेवटपर्यंत लपवायचा असेल, तर अडचण वेगळी आहे, हे मान्य. तरीही त्याचे वर्तन लपवू नका, त्याचा अर्थ तेवढा लपवा. उचल आणि नोकरी वाचकाला दुसऱ्या प्रकरणातच दिसू द्या. वही पुढे आली की तो मागे जाऊन तीच पाने नव्याने वाचेल. माझ्या माहितीतले बरेच लेखक याच्या उलट करतात. वर्तन दडवतात आणि शेवटी हेतूचे भाषण देतात. मला ती वाचकाची फसवणूक वाटते. कदाचित मी जरा कठोर बोलत असेन.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. लिहून झाल्यावर तो भाग एखाद्या अडत्याला किंवा हमालालाच वाचायला द्या. माझ्या खर्ड्यात आण्णा एका रात्रीत एकट्याने चाळीस पोती हलवत होता. मार्केट यार्डातल्या एका हमालाने ते वाचले, हसला आणि म्हणाला, "मालकानं कधी पोतं उचललंय का पाठीवर?" तो प्रसंग मला काढावा लागला. त्या जागी आण्णाला एक साथीदार द्यावा लागला, आणि त्या साथीदाराला किती पैसे द्यायचे, या प्रश्नातून पुढचे प्रकरण निघाले.