क्वालिटी इन्स्पेक्टरच्या मुलाखतीत कोणते तीन गुण सांगायचे?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

चाकणच्या कंपनीतून बोलावणं आल्याचं कळलं, आनंद झाला. ‘तुमचे स्ट्रेंथ सांगा’ या प्रश्नासाठी तू लिहून पाठवलेलं उत्तर वाचलं. मेहनती, प्रामाणिक, लवकर शिकणारी, टीममध्ये मिसळणारी, दबावाखाली काम करू शकणारी. तू तशी आहेस हे मला ठाऊक आहे. पण मुलाखत घेणाऱ्याला ते कसं कळणार? मी टेबलाच्या त्या बाजूला बसत आलोय. उमेदवार म्हणतो ‘मी मेहनती आहे’, आपण मान हलवतो, आणि पुढे विचारायला काही उरत नाही. मग आपण आपल्या मनातला कुठलाही प्रश्न काढतो आणि तो उमेदवाराला अवघड जातो. याउलट त्याने घडलेलं एक काम सांगितलं, की पुढचे प्रश्न त्या कामातूनच निघतात, आणि ती जमीन त्याच्या पायाखालची असते.

आधी जाहिरात पुन्हा वाच. पद लाइन क्वालिटी इन्स्पेक्टरचं आहे: इन-प्रोसेस तपासणी, रिजेक्शनचं विश्लेषण, शिफ्ट ड्युटी. आता असा विचार कर, की या जागी चुकीचा माणूस बसला तर कंपनीचं नुकसान कुठे होईल? तो माप चुकीचं घेईल. माल का बिघडतोय हे त्याला उमगणार नाही. आणि प्रॉडक्शनवाल्यांनी आवाज चढवला, की शंकेचा माल पुढे सोडून देईल. या तीन जागी तू भरवशाची आहेस एवढंच त्यांना दाखवायचंय. म्हणून गुण तीनच. कॉलेजातलं खो-खोचं कर्णधारपद तुला प्रिय आहे, पण ते इथे काढू नकोस. आवडीनिवडी विचारल्या तर तेव्हा सांग. एक्सेल चांगलं येतं हा वेगळा गुण म्हणून मांडू नकोस, ते दुसऱ्या मुद्द्यात आपोआप येईल.

पुरावा तुझ्या अप्रेंटिसशिपमध्येच पडलाय. बुशच्या बोअरची हकिकत तू मला फोनवर सांगितली होतीस, आणि उत्तरात मात्र तिचा उल्लेखही नाही! ड्रॉइंगवर २५ एच७, म्हणजे बोअर २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवं. तिथे प्लग गेजने तपासून रजिस्टरमध्ये ‘ओके’ लिहायची पद्धत होती. तू साहेबांना विचारून दर तासाला एक पीस बोअर गेजने मोजायला आणि आकडा लिहायला लागलीस. नऊला २५.०१४, दहाला २५.०११, अकराला २५.००७. गेजच्या हिशेबाने तिन्ही पीस पास. पण माप एकाच दिशेने, तासाला तीन-चार मायक्रॉनने उतरत होतं, म्हणजे दुपारी एकच्या सुमाराला ते २५.०००च्या खाली जाणार. बोअरिंगचा इन्सर्ट झिजला की बोअर लहान होत जातं हे तुला माहीत होतं. तू ऑपरेटरला वही दाखवलीस, त्याने ऑफसेट दिला, आणि पुढे इन्सर्ट किती पीसनंतर बदलायचा हे सेटरने ठरवून दिलं.

मुलाखतीत हे असं सांगता येईल: “माप हाताबाहेर जायच्या आधी मी ते पकडते. आमच्याकडे २५ एच७च्या बोअरला नुसतं ओके लिहायचे. मी तासाला एक रीडिंग लिहायला सुरुवात केली. दोन तासांत माप सात मायक्रॉन उतरलेलं दिसलं, इन्सर्ट झिजत होता. मी ऑपरेटरला दाखवलं, त्यांनी ऑफसेट दिला आणि त्या दिवशी बोअर लहान म्हणून एकही पीस गेला नाही.” अर्ध्या मिनिटात होतं. ऑफसेट ऑपरेटरने दिला हे वाक्य गाळू नकोस. मशीन तू हलवलं नाहीस, आणि सगळं ‘मी केलं’ म्हणालीस तर अनुभवी माणूस लगेच खोदून विचारतो.

खोदून तसंही विचारतील, आणि ते चांगलंच आहे. ‘व्हर्नियरने का नाही मोजलं?’ असं विचारलं तर सांग, की व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२ आणि आपला टॉलरन्सच ०.०२१, मग त्यावर भरवसा कसा ठेवायचा? ‘गेज कशावर सेट केलं?’ तर मास्टर रिंगवर. ‘पीस गरम असताना मोजलास का?’ हा प्रश्न मी स्वतः हमखास विचारतो. स्टीलचं २५ मिलिमीटरचं बोअर दहा अंशांनी तापलं की साधारण तीन मायक्रॉन मोठं दाखवतं. मशीनवरून उतरवल्याबरोबर काठावर पास झालेला पीस निवल्यावर नापास होऊ शकतो. तू पीस निवू द्यायचीस, तेही सांग. अचूक माप घेण्याचा तुझा पहिला गुण इथे सिद्ध होतो, ‘मी अचूक आहे’ असं एकदाही न म्हणता.

दुसरा गुण कारण शोधण्याचा. महिन्याचं रिजेक्शन तू एक्सेलमध्ये दोषानुसार आणि शिफ्टनुसार लावलंस आणि बर राहिलेले बहुतेक पीस रात्रपाळीचे निघाले, ते सांग. मात्र ‘रिजेक्शन निम्म्यावर आणलं’ असं म्हणू नकोस. त्याच महिन्यात कच्च्या मालाची नवी लॉटही आली होती, मग घट कशामुळे झाली हे तुला तरी ठामपणे सांगता येईल का? जे मोजलंस तेवढंच सांग. जिथे आकडा नाही तिथे आधी काय व्हायचं आणि नंतर काय व्हायला लागलं, ते साध्या शब्दांत सांगितलं तरी चालतं.

तिसऱ्याला संध्याकाळचा तो प्रसंग घे. डिस्पॅचची गाडी उभी, ट्रेमधल्या एका पीसमध्ये नो-गो गेज आत गेलं, म्हणजे पीस नापास, आणि सुपरवायझर म्हणाले, एकाच पीसचं काय घेऊन बसलीस. तू ट्रेला लाल टॅग लावलास, क्वालिटीच्या साहेबांना फोन केलास, आणि मागच्या ओके तपासणीपासूनचे सगळे पीस वेगळे काढून तपासून घेतलेस. सुपरवायझरबद्दल तक्रारीचा सूर नको, त्यांना गाडी वेळेत काढायची होती. त्यातले किती पीस खराब निघाले हे तू मला सांगितलं नव्हतंस. शून्य निघाले असले तरी शून्यच सांग.

आणखी एक. पुरावा म्हणून जुन्या कंपनीचं ड्रॉइंग किंवा रजिस्टरचे फोटो मोबाइलवर नेऊ नकोस, आणि ग्राहकाचं नावही घेऊ नकोस. ‘एका ऑटो पार्टसाठीचा बुश’ एवढं पुरे. दुसऱ्याचं ड्रॉइंग दाखवणारा माणूस उद्या आपलंही दाखवेल, अशी शंका त्यांना येते.

रविवारपर्यंत तिन्ही प्रसंग चार-चार ओळींत लिहून पाठव. तारखा किंवा आकडे नक्की आठवत नसतील तर तिथल्या साहेबांना फोन करून विचार, अंदाजाने भरू नकोस. सोमवारी संध्याकाळी मी फोन करतो, तेव्हा मी विचारेन आणि तू तोंडी सांगायचंस, कागद न बघता.

तुझा,
काका