फळ्यावरचे उतरवून न घेणारे मूल: शिक्षकांपुढे काय मांडावे

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पुढच्या महिन्यात केंद्राच्या शिक्षण परिषदेत मला समावेशक वर्ग या विषयावर पाऊण तास बोलायचे आहे. समोर चाळीसेक शिक्षक असतील. ‘मुलांशी प्रेमाने वागा’ यापलीकडे त्यांच्या हाती नेमके काय देता येईल?

उत्तर:

मी विशेष शिक्षिका म्हणून तालुक्यातील शाळांमध्ये काम करते. तुमच्या हाती पाऊण तासच आहे, म्हणून पहिली विनंती अशी की 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील 21 प्रकारांची यादी वाचून दाखवू नका. शिक्षकांनी ती प्रशिक्षणांत पाहिलेली असते, आणि उद्या सकाळी वर्गात काय वेगळे करायचे हे तिच्यातून कळत नाही. त्याऐवजी एकच मूल आणि एकच प्रसंग घ्या: फळ्यावरचा मजकूर उतरवून घेण्याची वेळ आली की जागेवरून उठणारे, शेजाऱ्याची वही ओढणारे मूल. येथे शिकण्यातील अडचण आणि वर्तनातील अडचण एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की एक सोडवल्याशिवाय दुसरी सुटत नाही. शिवाय असे एखादे मूल समोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक शिक्षकाच्या वर्गात असते.

सुरुवात मोडी लिपीने करा. फळ्यावर मोडीतील चार ओळी लिहून घ्या, शिक्षकांना त्या 3 मिनिटांत कागदावर उतरवायला सांगा आणि मधून ‘आटपा, बाकीच्यांचे झाले’ असे म्हणत फिरा. नंतर एवढेच विचारा: एका ओळीसाठी मान किती वेळा वर करावी लागली? सराईत वाचक देवनागरीतील तीन-चार शब्द एका नजरेत उचलतो, मोडीत मात्र तो एकेक वळण पाहून गिरवतो आणि पुन्हा वर पाहताना आपण कुठे होतो तेच हरवून बसतो. ज्या मुलाचे वाचन कच्चे आहे, ते मूल देवनागरीत रोज हेच करत असते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर द्यायचा, ध आणि घ किंवा भ आणि म यांतला फरक एवढ्याशा वळणावर ओळखायचा, ही कामे आपल्या हाताला सवयीने जमतात. त्या मुलाला ती प्रत्येक शब्दाला मुद्दाम करावी लागतात. सभागृहात एखाद्याला मोडी येत असेल तर फारच चांगले. त्याचा कागद आणि शेजाऱ्याचा कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवा. मात्र हा प्रयोग 5 मिनिटांपलीकडे ताणू नका. त्यातून श्रमांची कल्पना येते; वर्षानुवर्षे मागे राहिल्याने मुलाला काय वाटत असेल, ते त्यातून कळल्याचा दावा आपण करू नये.

यानंतर प्रत्यक्ष प्रसंगाकडे या. मी जवळून पाहिलेला एक प्रसंग ओळख पुसून मांडते. चौथीतील एका मुलाविषयी त्याच्या बाईंची तक्रार होती की तो सतत उठतो, इतरांना मारतो आणि त्याचे लक्षच नसते. मी त्यांना वहीच्या पानावर तीन रकाने आखायला सांगितले: आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले, आणि त्यानंतर लगेच काय झाले. सोबत वेळ आणि विषय. नियम एकच होता: डोळ्यांना दिसले किंवा कानांना ऐकू आले तेवढेच लिहायचे. ‘उद्धटपणा केला’ असे लिहायचे नाही. ‘पेन्सिल फेकली आणि दाराकडे गेला’ असे लिहायचे. कोणते तास शांतपणे गेले, तेही टिपायचे, कारण निम्मी माहिती त्यातच असते.

आठवड्याअखेर 11 नोंदी झाल्या. त्यांतील 8 नोंदी भाषा आणि परिसर अभ्यासाच्या तासांतल्या, तेही फळ्यावरचे उतरवून घेण्याच्या वेळच्या होत्या. तोंडी गणिते, गोष्ट ऐकणे, खिचडी वाढायला मदत करणे या वेळांत एकही नोंद नव्हती. बाईंना हे थोडेफार जाणवलेले होते. त्यांना थांबवले ते तिसऱ्या रकान्याने. त्या 8 पैकी 7 वेळा शेवट एकसारखाच होता: त्याला दाराशी उभे केले गेले किंवा खडू आणायला पाठवले गेले. दोन्हींत लिहिणे थांबत होते. आपण जिला शिक्षा समजत होतो, ती त्या मुलासाठी सुटका होती, आणि उठून कुणाला तरी ढकलले की ती मिळते हे तो शिकला होता. हे तो ठरवून करत होता असे नाही. जे वागणे उपयोगी पडते ते पुन्हा घडते, एवढेच.

तुमच्या भाषणातील सर्वांत जास्त वेळ या तिसऱ्या रकान्याला द्या, कारण वरवर सारख्या दिसणाऱ्या वागण्याचा उपयोग दुसऱ्या मुलासाठी वेगळा असू शकतो. दोनशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात. शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे वळले की गोंधळ घालणारे आणि रागावून का होईना, पण शिक्षक जवळ आले की शांत होणारे मूल लिखाणातून पळत नसते. त्याला कुणीतरी जवळ हवे असते. त्याचे लिखाण कमी करून काही साधणार नाही. तो शांत बसलेला असताना दर काही मिनिटांनी त्याच्यापाशी जाणे, हाच तेथे उपाय ठरतो.

आपल्या चौथीतील मुलासाठी बाईंनी तीन बदल केले. फळ्यावरचा मजकूर ठळक अक्षरांत कागदावर लिहून त्याच्या वहीशेजारी ठेवला, म्हणजे नजरेचा फळ्यापर्यंतचा प्रवास संपला. पाच ओळींऐवजी दोन ओळी लिहायच्या आणि उरलेले तोंडी सांगायचे असे ठरले. तिसरा बदल म्हणजे एक पुठ्ठ्याचे कार्ड: ते बाकावर उभे केले की पाणी पिऊन परत यायचे, तासात दोन वेळा. हे कार्ड कसे वापरायचे, ते बाईंनी मधल्या सुट्टीत, तो शांत असताना त्याच्याकडून करवून घेतले आणि पहिले काही दिवस कार्ड दिसताच जाऊ दिले. ढकलण्यातून जे मिळत होते ते मागण्यातून अधिक सहज मिळाले, तरच मूल मागायला लागते. तरीही कुणाला मारलेच, तर दुसऱ्या मुलाला आधी सुरक्षित करायचे, कमी शब्दांत थांबवायचे आणि नंतर त्याच दोन ओळींकडे परत आणायचे. दाराबाहेर पाठवणे बंद. ‘तुला कितीदा सांगायचे’ हे वाक्य जाऊन ‘या दोन ओळी, मग पाणी’ हे आले. शब्दांतला मायाळूपणा महत्त्वाचा आहेच, पण काम पेलवण्याजोगे झाले नसते तर गोड बोलूनही तो उठलाच असता.

शिक्षकांना पुढील अडचणी आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते पहिल्या आठवड्यातच हे सोडून देतील. दाराबाहेर पाठवणे थांबले की सुरुवातीला गोंधळ वाढतो, कारण मूल जुना मार्ग अधिक जोर लावून करून पाहते. त्या दिवसांत एकदा पाठवले आणि एकदा नाही असे झाले, तर वागणे आणखी घट्ट होते. कार्ड सारखेच वर येऊ लागले तर ते काढून घेऊ नये. काम अजूनही जड आहे, असा त्याचा अर्थ बहुधा असतो. वर्गातील इतर मुले ‘त्यालाच का कमी?’ असे विचारतात. बाईंनी जवळचा कागद हवा असेल त्या प्रत्येकाला दिला. चार दिवसांत बहुतेकांनी तो सोडून दिला, पण दोन मुली त्यावरच लिहीत राहिल्या. त्यांपैकी एकीला लांबचे दिसत नव्हते, हे तेव्हा लक्षात आले.

म्हणूनच जवळचे नीट उतरते आणि फळ्यावरचेच चुकते असे दिसले, तर आधी डोळे तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा अशा मुलांची नावे तयार ठेवावीत. हाक मारूनही वळत नसेल तर कान तपासावेत. काही सेकंद एकटक पाहत राहणारे, स्पर्श केला तरी भानावर न येणारे आणि मग काही घडलेच नाही असे काम पुढे चालू करणारे मूल ‘लक्ष नसलेले’ समजले जाते. तो अपस्माराचा एक प्रकार असू शकतो आणि तेथे डॉक्टरच हवेत.

निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही, हे स्पष्ट सांगा. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मुलाला 8 वर्षे पूर्ण झाल्यावर, प्राधिकृत रुग्णालयातील तपासणीनंतर मिळते आणि पुढे बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ किंवा लेखनिक यांसारख्या सवलतींसाठी ते लागते. वर्गात जवळचा कागद देण्यासाठी मात्र ते लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 16 मध्ये अशा अडचणी लवकर ओळखून योग्य अध्यापन करण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवरच टाकलेली आहे. दाराशी उभे करण्याचे समर्थन कुणी केले, तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते, याची शांतपणे आठवण करून द्या.

चौथ्या आठवड्यात त्या मुलाच्या नोंदी 11 वरून 4 वर आल्या आणि तो तीन ओळी लिहू लागला. शांत आठवडा गेला की एक ओळ वाढवायची, असे ठरले होते. कमी केलेले काम कमीच राहिले तर आपण त्याला मागे ठेवतो. जोडाक्षरे त्याला तेव्हाही वाचता येत नव्हती. कागद आणि कार्ड यांनी तो वर्गात टिकतो, वाचायला शिकत नाही. त्यासाठी बाई परिपाठानंतर रोज 15 मिनिटे एका वेळी एकच स्वरचिन्ह घेऊन त्याच्याकडून शब्द तयार करवून घेत. पालकांना बोलावले तेव्हा बाईंनी इतर पालकांसमोर तक्रार न करता एका बाजूला बसवून आधीचे पान आणि आताचे पान दाखवले. आईने सांगितले की घरी गृहपाठाच्या वेळीही तो असाच उठून जातो. मग घरचा गृहपाठही तोंडी झाला.

शेवटची 15 मिनिटे स्वतः बोलू नका. तीन रकान्यांचे कोरे कागद छापून न्या आणि प्रत्येकाला आपल्या वर्गातील एका मुलाचा गेल्या आठवड्यातील एक प्रसंग लिहायला सांगा. मुलाचे नाव लिहू देऊ नका, कारण केंद्रातील शाळा एकमेकींना ओळखतात आणि नाव लगेच गावात पोहोचते. शेजाऱ्याने तो कागद वाचून फक्त दोन गोष्टी कराव्यात: मधल्या रकान्यात ‘आळशी’, ‘हट्टी’ असे शब्द असतील तर खोडायला लावावेत आणि तिसऱ्या रकान्यातून मुलाला काय मिळाले असावे ते विचारावे. केंद्रप्रमुखांना आधीच विनंती करून ठेवा की पुढच्या परिषदेत पहिली 20 मिनिटे याच कागदांच्या पुढच्या नोंदी वाचण्यासाठी द्यावीत.